शिवराक कायतान

कायतान लोबोला एका जागी बसलेला मसुरे गावाच्या वाड्यांनी कधी पाहिला नव्हता. ग्रामीण डाक सेवक हा त्याचा सरकारी हुद्दा; लोकांच्या तोंडी तो पोस्टमन. सकाळी पिशवी स्कूटरला अडकवायची आणि निघायचं. पत्रं आता फारशी नसतात, पण बँकेची कार्डं, आधार, पासपोर्ट, पुण्या-मुंबईहून आलेली औषधांची पार्सलं यांना तोटा नाही. दारात उभ्याउभ्याच सही घ्यायची, मोबाइलवर नोंद करायची, दोन गजाली सांगायच्या आणि स्कूटरला किक मारायची. "बस रे जरा," असं कोणी म्हटलं की त्याला खरोखरच पायांत मुंग्या यायच्या.

गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ नेल्सन गेला. वायरमन होता, धडधाकट, सत्तेचाळीस वर्षांचा. दुपारी जेवून हात धुवायला मोरीवर गेला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. मालवणच्या डॉक्टरांपर्यंत नेईस्तोवर सगळं आटोपलं होतं. कायतान त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. मातीला सगळा गाव आला, पाद्री चांगलं बोलले, कायतान रडला नाही. पण त्या दिवसापासून त्याची पायांची वळवळ छातीत शिरली. रस्त्याने जाताना मध्येच स्कूटर थांबवून तो डाव्या हाताचं मनगट चाचपायचा. जिना चढला की आपली नाडी मोजायचा. गॅसेसचा एक ढेकर अडला तरी त्याला घाम फुटायचा. हे त्याने कोणाला सांगितलं मात्र नाही. गावभर दुसऱ्यांच्या बातम्या पोचवणाऱ्या माणसाला स्वतःची एक बातमी तोंडातून काढता येईना!

नेल्सनची महिन्याची मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली आणि बायको लिलियनने त्याला धरूनच रक्त तपासायला नेलं. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, निघालं एकशे बहात्तर. डॉक्टर सलोनी वयाने लहान, पण बोलायला ठाम.

"कायतानकाका, भाऊ पन्नाशीच्या आत गेलाय, म्हणजे तुम्हाला धोका आहे. खरं तर मी आजच गोळी सुरू करेन."

"गोळी नको डॉक्टर," कायतान कचेरीतली मराठी काढून म्हणाला. गोळी म्हणजे आजारी, आणि आजारी म्हणजे पुढचा नंबर आपला, असा त्याचा सरळ हिशेब होता. "मी खाण्यात बदल करतो. मला तीन महिने द्या."

डॉक्टरांनी नाइलाजाने मान हलवली. "तीन महिने, एक दिवस जास्त नाही. तळलेलं बंद. बेकरी बंद. नारळ हात राखून. मटण कमी, भाज्या-कडधान्यं वाढवा. शाकाहाराकडे झुका."

आता इथे गोची झाली. बाईंनी सांगितलेल्यातलं कायतानने नेमकं शेवटचं वाक्य उचललं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मनातल्या मनात त्याचं मालवणी केलं. शाकाहार म्हणजे शिवराक. आणि शिवराक म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल: मासे नाहीत, मटण नाही, अंडं नाही. बाकी सगळं चालतं. सोमवारी जे चालतं, चतुर्थीला जे चालतं, ते शिवराक. या शब्दाने आजवर ताटात काय नाही एवढंच सांगितलं. काय आहे, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन त्याने जाहीर केलं, "आजपासून मी शिवराक."

लिलियन बांगडे साफ करत होती. तिच्या हातातला बांगडा विळीवर तसाच राहिला. "लेंताच्या उपासात तुका एक शुक्रवार मटण सोडूक जमणा नाय, आणि तू बारा म्हयने शिवराक ऱ्हवतलंस?"

"ऱ्हवतलंय."

"बघूया," ती म्हणाली, आणि बांगडे साफ करू लागली.

आणि तो राहिला, हे मान्य करायला हवं. माशांशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, तो माणूस समोर सुरमई तळली जात असताना बटाट्याची भाजी आणि भात खायचा. डाळ त्याला मुळातच नकोशी, उसळ म्हटली की तोंड वाकडं. मग भाजी चार घास आणि भात डोंगराएवढा. पोट भरेना म्हणून संध्याकाळी चहाबरोबर खारी, बटर, टोस्ट. सगळं शिवराक!

त्याहून मोठी गंमत झाली ती वाड्यांमध्ये. कायतान ख्रिस्ती, म्हणून आतल्या काही सोवळ्या घरांत त्याला आजवर पाणी आणि फार तर चहा मिळायचा. कोणी अपमान केला नव्हता, पण पाहुणचार अंगणातच संपायचा. आता "पोस्टमन शिवराक झालो" ही बातमी त्याच्या स्कूटरच्या आधी पोचू लागली. आणि माणसांना आनंद झाला हो, खरा आनंद. जणू लांबचा एखादा नातेवाईक घरी परतला होता. खळ्यातला, अंगणातला पाहुणचार पडवीत आला, पडवीतला माजघराच्या दारापर्यंत. कोणी चकली पुढे केली, कोणी शंकरपाळी. कोणाकडे कांदाभजी, कोणाकडे जत्रेचा खाजा. "खा रे, शिवराकच आसा," असं म्हणत बश्या पुढे यायच्या, आणि कायतानला नाही म्हणवत नसे. का म्हणावं? मनाला बरं वाटत होतं, आणि वर औषधही होत होतं.

सगळ्यांत जास्त जीव लावला तो राधाबाईंनी. सासष्ट वर्षांच्या, पंधरा वर्षांपूर्वी नवरा गेलेला, मुलगा चंदन पुण्याला नोकरीला. त्यांच्या यजमानांनी, दत्तारामांनी, तरुणपणी गुरूंचा अनुग्रह घेतला तेव्हापासून त्या घरात तीस वर्षं मासा शिजला नव्हता. दर मंगळवारी कायतान यायच्या वेळेला त्या कढई चढवायच्या. मैद्याच्या पुऱ्या, कधी वडे, कधी गोड शंकरपाळ्या. सगळं वनस्पती तुपात, कारण त्यात तळलेलं खुसखुशीत होतं आणि आठवडाभर टिकतं. कायतानसाठी पानात पाच आणि बांधून दहा.

"खा. तुझ्या भावासारखा तुका काय होऊचा नाय. शिवराकाक काय भय नसता," त्या म्हणायच्या.

हे वाक्य ऐकायला कायतान मंगळवारची वाट पाहायचा. पुऱ्यांपेक्षा त्याला तेच हवं असायचं. स्कूटरवर बसला की दोन वळणं जाईपर्यंत छातीतली वळवळ थांबायची. तिसऱ्या वळणावर परत सुरू.

तिसरा महिना लागला तसा त्याला धीर धरवेना. रक्त द्यायची तारीख जवळ आली, आणि शिवराक एवढं पुरे होतं का, अशी शंका त्याला खाऊ लागली. गोव्यात हॉटेलात काम करणारी त्याची मुलगी डेल्सी हिला त्याने फोन केला. ती म्हणाली, आमच्याकडे विदेशी पाहुणे वीगन असतात पप्पा, दूध-तूपसुद्धा घेत नाहीत. झालं! कायतानने दूध सोडलं, दही सोडलं, काळा चहा तीन चमचे साखर घालून पिऊ लागला. डेल्सीने मायेने हॉटेलातल्या वीगन बिस्किटांचे दोन डबे पाठवले. डब्यावर हिरवं पान छापलं होतं. त्या पानावर विश्वास ठेवून कायतान एका बैठकीला सहा बिस्किटं फस्त करायचा. लिलियन एकदा डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं लावू लागली, "मैदो, साखर, पाम तेल..." तर तो तिच्यावर डाफरला. "काडीचा दूध नाय तेच्यात. तुका काय कळता?"

लिलियनने डबा खाली ठेवला. ती चिडली नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

रिपोर्ट घ्यायला तो एकटाच गेला. मनात आकडा ठरवून गेला होता, शंभर. फार तर एकशे दहा. कागद हातात आला आणि त्याने तो तीनदा वाचला, नाव दुसऱ्याचं तर नाही ना म्हणूनही पाहिलं. एलडीएल एकशे एक्याऐंशी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, एकशे साठवरून दोनशे साठ. चांगलं कोलेस्टेरॉल मात्र एकेचाळीसवरून छत्तीसवर घसरलेलं. जे वाढायचं ते उतरलं होतं आणि जे उतरायचं ते वाढलं होतं.

"मशीन बिघडलंय," तो डॉक्टरांना म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तीन महिने मी माशाचं तोंड पाहिलं नाही. दूधही सोडलं. विचारा माझ्या बायकोला!"

"बसा काका."

"बसत नाही मी."

"बरं, उभ्याने सांगा. काल सकाळपासून काय काय खाल्लंत? तपासणीच्या आदल्या दिवसाचं मला सगळं सांगा."

कायतानने अभिमानाने यादी म्हटली. बटर आणि काळा चहा. मग एका घरी चकली, दुसऱ्या घरी भजी. मंगळवार होता, म्हणजे पाच पुऱ्या. दुपारी भात, बटाटा आणि सोलकढी दोन वाट्या, नारळाचं दूध घालून. संध्याकाळी वीगन बिस्किटं. म्हणता म्हणता त्याचा आवाज उतरत गेला. स्वतःच्या तोंडाने ऐकल्यावर त्यालाही ती यादी थोडी विचित्र वाटायला लागली होती.

डॉक्टर हसल्या नाहीत. "ताटातून मासे काढलेत. त्या जागी काय ठेवलंत?"

कायतानने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"शाकाहार वाईट नाही काका. नीट केला तर एलडीएल उतरतं, बऱ्यापैकी उतरतं. पण तुम्ही खाल्लेला मैदा शाकाहारी, साखर शाकाहारी आणि वनस्पती तूपही शाकाहारीच." त्यांनी कागद उलटा करून त्यावर एक वेडंवाकडं यकृत काढलं. "हे रक्तातलं एलडीएल उचलून घेतं. वनस्पती तूप, पाम तेल, नारळ यांची घट्ट चरबी फार झाली की हे उचलणं मंदावतं, मग ते रक्तातच फिरत राहतं. पूर्वी वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असायचं, ते तर त्याहून वाईट. आता कायद्याने कमी केलंय, पण घट्ट चरबी आहेच. मैदा, साखर आणि भाताचा ढीग यांनी हे ट्रायग्लिसराइड चढलं आणि चांगलं उतरलं."

"आणि मासे?"

"तुमचा बांगडा यात गुन्हेगार नव्हताच. तेलात बुडवून तळू नका आणि माशाच्या आमटीत नारळ बेताचा घाला, म्हणजे झालं. नाही खायचा तरी हरकत नाही, पण मग कुळीथ खा, मूग, चवळी, काळे वाटाणे खा. त्यांतला चोथा पित्ताला धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृत रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढून घेतं. कुळथाची पिठी तुमच्या घरी होत नाही का?"

"होता," कायतान मालवणीत पुटपुटला. "मी खायनंय नाय."

"आणि आता गोळी. भावाचा इतिहास आहे, आणखी थांबणं मला पटत नाही. खाणं सुधारलं तरी गोळी हवीच. सहा आठवड्यांनी परत रक्त."

या वेळी त्याने वाद घातला नाही. औषधाच्या दुकानातून तो बाहेर आला तेव्हा त्याला खूप राग आला होता, पण कोणावर काढावा ते समजेना. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तळलेलं बंद म्हणून सांगितलं होतं. डेल्सीने प्रेमाने पाठवलं होतं. वाड्यांनी मायेने खाऊ घातलं होतं. तीन महिने तो मरणापासून पळत होता, आणि पळत होता ते नेमका त्याच्याच दिशेने. घरी जाऊन त्याने लिलियनला डबा परत काढायला सांगितला, आणि मागची अक्षरं स्वतः वाचली. "तू सांगलंस तां बरोबर होता गो," एवढं तो कसाबसा म्हणाला. तिने कुळीथ भिजत घातले.

घराचं जमलं. वाड्यांचं काय? चकलीच्या घरी त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं, भज्यांच्या घरी उपास असल्याचं. ख्रिस्ती माणूस भर गुरुवारी कसला उपास करतो, हे तिथे कोणी विचारलं नाही एवढं नशीब. पण मंगळवार आला. राधाबाईंशी खोटं बोलणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. टपाल दारात टाकून पळावं, असंही त्याच्या मनात आलं. पण त्यांच्या औषधांचं पार्सल होतं आणि सही लागणार होती.

पुऱ्यांचा वास वळणावरच आला. राधाबाईंनी पडवीतल्या शेगडीवर कढई चढवली होती, पान मांडलेलं होतं.

"काकी, आज नको," तो दारातूनच म्हणाला.

"कित्याक? कायतरी दुखता?"

"नाय. माका ह्या खावचा नाय. आज नाय, फुडेय नाय."

राधाबाईंचा चेहरा उतरला. झारा त्यांनी कढईवर तसाच धरला. "म्हणजे तू परत माशे खाऊक लागलंस? मगे तसा सांग. मी काय रागावतलंय?"

"माशांचा नाय काकी." कायतानने खिशातून रिपोर्ट काढला, परत आत घातला, परत काढला. मग जे बायकोला सांगितलं नव्हतं, पाद्रींना सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "माका भय वाटता. नेल्सन गेल्यापासून रोज वाटता. गाडी चलवताना वाटता, निजताना वाटता. म्हणान मी शिवराक झालंय. आणि माझा रगत आधीपेक्षा वायट झाला. डॉक्टर म्हणतत, मासे सोडून काय उपेग नाय. ह्यो मैदो, ह्यां वनस्पती तूप, ह्येच्यान काळजाच्या नळयेत साचत जाता. शिवराक आसला तरी."

राधाबाईंनी गॅस बंद केला.  कढईतली पुरी तुपात गप्प पडली.

"शिवराक आसला तरी?" त्यांनी विचारलं.

"होय."

"आमचे एकावन्नाव्या वर्साक गेले. ह्येच पडयेर. छातीत कळ इली, पाणी मागल्यानी, आणि मी आत जावन पाणी हाडीसर..." त्या थांबल्या. "लोक म्हणाले, इतको शिवराक माणूस, तेका कसा झाला? देवाची इच्छा. मीय तसाच म्हटलंय. पंधरा वर्सा म्हणतंय." त्यांनी कढईकडे बघितलं. "रोज सांजचे तेंका कायतरी तळलेला लागायचा. रोज. मी कधी कंटाळा केलंय नाय." मग त्यांनी मान वर करून कायतानला सरळ विचारलं, "मगे ते माझ्या हातान गेले काय रे?"

कायतान बसला. पडवीतल्या लाकडी बाकावर, टपालाच्या पिशवीसकट. असा प्रश्न पोचवायचं टपाल त्याच्याकडे आजवर कधी आलं नव्हतं. 'नाही' म्हणणं सोपं होतं, पण त्याला पूर्ण खरं माहीत नव्हतं, आणि या बाईला खोटं सांगायचं नाही असं ठरवूनच तो आला होता. दत्ताराम विडी ओढायचे हे त्याला आठवत होतं. रक्तदाब होता, गोळ्या घेत नसत, हेही गावाला माहीत होतं.

"काकी, एका गोष्टीन कोण जाणा नाय. विडी होती, बीपी होता, तेंच्या बापाशीचाय काळीज तसाच होता म्हणतत. कशान गेले तां आता डॉक्टराकय सांगूक येवचा नाय. आणि तुका कोणी सांगल्यान होता काय? माका डॉक्टरान तोंडार सांगल्यान, तरी मी आयकलंय नाय. तू तर मायेन केलंस."

"मायेनच केलंय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. कायतानलाही आलं. नेल्सनच्या मातीला न आलेलं रडू त्याला राधाबाईंच्या पडवीत, उघड्या दारात, दिवसाढवळ्या आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. कोणी पाहिलं असेल तर पाहो.

डोळे पुसून राधाबाई आत गेल्या आणि मोबाइल घेऊन आल्या. "ह्यां माका लावूक येणा नाय. चंदनाक लाव."

"आता? ऑफिसात आसतलो तो."

"आसूंदे ऑफिसात. चव्वेचाळीस वर्सांचो झालो. बापूस एकावन्नाक गेलो." त्यांनी फोन त्याच्या हातात कोंबला. "लाव मरे लवकर!"

कायतानने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्यांच्या पुढ्यात धरला. घंटा वाजत राहिली. त्याच्या स्वतःच्या छातीत पुन्हा तेच सुरू झालं होतं, पण या वेळी ते नेल्सनसाठी नव्हतं आणि स्वतःसाठीही नव्हतं. पुण्यात कुठल्याशा टेबलावर वाजणारा तो फोन चंदनने उचलावा, एवढंच त्याला हवं होतं.

"आई? काय झालं? आता फोन?" चंदनचा आवाज घाबरलेला होता.

"काय जावक नाय. तू आयक. उद्या सकाळी उपाशी पोटान जावन रगत तपासून घे. काय ता रे?" त्यांनी कायतानकडे पाहिलं.

"एलडीएल," कायतान म्हणाला.

"तां. आणि बापूस कसो गेलो तां डॉक्टराक सांग."

"अगं पण मला काही होत नाहीये. मी तर चहासोबत फार तर खारी..." पलीकडे तो हसला. "आई, आपण शाकाहारी आहोत ना. आपल्याला कसलं कोलेस्टेरॉल?"

राधाबाईंनी बाकाची कड घट्ट धरली. "तुझो बापूसय ह्यांच म्हणायचो," त्या म्हणाल्या.

पलीकडचं हसू थांबलं.